चाकणची मुलाखत, आभाराचा मेल आणि नंतरचे पाच आठवडे: एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील उमेदवार भोसरी एमआयडीसीतील एका कारखान्यात सहा वर्षे क्वालिटी इंजिनिअर म्हणून काम करीत होत्या. मार्च २०२५ मध्ये त्यांनी चाकणमधील, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सीनियर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखत दिली. अर्ज त्यांनी थेट कंपनीकडे केलेला नव्हता. शिवाजीनगरमधील एका कन्सल्टन्सीने नोकरीच्या संकेतस्थळावरून त्यांचा बायोडेटा उचलून पुढे पाठवला होता. व्यक्तींची व कंपन्यांची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत. भरतीचे काम मी स्वतः बरीच वर्षे केलेले असल्यामुळे मुलाखतीनंतर त्या माझ्याशी बोलत होत्या, आणि कंपनीच्या आत त्या काळात काय चालले होते, हे पुढे त्या तेथे रुजू झाल्यावर बऱ्याच अंशी कळले. दोन्ही बाजू एकत्र पाहायला मिळण्याची संधी उमेदवाराला सहसा मिळत नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटले.

मुलाखत मंगळवारी, ४ मार्चला झाली. समोर प्लांटचे क्वालिटी हेड, उत्पादन विभागाचे एक व्यवस्थापक आणि एचआरच्या एक अधिकारी होत्या. तासभर चाललेल्या या मुलाखतीत बहुतेक प्रश्नांची उत्तरे चांगली गेली. एका ठिकाणी मात्र उमेदवार अडखळल्या. मोजमापाच्या साधनांची विश्वासार्हता तपासण्यासाठी जो गेज आर अँड आर अभ्यास करतात, त्याविषयी बोलताना त्यांनी आपल्या कामातील एक उदाहरण दिले. त्या अभ्यासात आर अँड आर, म्हणजे मोजमापाच्या पद्धतीमुळेच येणारा फरक, एकूण चलनाच्या, म्हणजे मापांत दिसणाऱ्या एकूण फरकाच्या, १८ टक्के आला होता. १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, १० ते ३० टक्के असेल तर कामाचे स्वरूप पाहून स्वीकारायचे आणि ३० च्या वर गेला तर नाकारायचे, या प्रचलित निकषानुसार तो त्यांनी स्वीकारला होता. त्यावर क्वालिटी हेडनी विचारले, "एनडीसी किती होता?" ते साधन मापांचे किती वेगवेगळे गट ओळखू शकते, हे सांगणारा हा आकडा असतो आणि तो किमान ५ असावा अशी अपेक्षा असते. उमेदवारांना तो आठवला नाही. "पाहावा लागेल, सर," एवढेच त्या म्हणाल्या आणि मुलाखत पुढे सरकली.

शेवटी, तुम्हाला काही विचारायचे आहे का, असे विचारल्यावर त्यांनी दोन गोष्टी विचारल्या: पुढचा टप्पा कोणता आणि निर्णय साधारण कधीपर्यंत कळेल. एचआर अधिकाऱ्यांनी सांगितले की आता एकच फेरी राहिली आहे, ती पगाराच्या बोलण्यांची, आणि पंधरा तारखेपर्यंत काय ते कळवू. हे उत्तर त्यांनी कारखान्याच्या फाटकाबाहेर पडताच फोनमध्ये लिहून ठेवले. पुढच्या सगळ्या पाठपुराव्याला आधार मिळाला तो या एका तारखेचा. तारीख न विचारता बाहेर पडलेला उमेदवार नंतर केव्हा चौकशी करावी हे केवळ अंदाजाने ठरवतो, आणि तो अंदाज बहुधा फार लवकरचा तरी असतो किंवा फार उशिराचा तरी.

आभाराचा मेल कोणाला आणि कोणता

त्याच संध्याकाळी त्यांच्यापुढे पहिली अडचण उभी राहिली. मुलाखत घेणाऱ्या दोघांचे मेल पत्ते त्यांच्याकडे नव्हते आणि कन्सल्टन्सीच्या मुलाने त्यांना बजावले होते की कंपनीशी परस्पर संपर्क करू नका. हे बजावण्यामागे कारण असते. कन्सल्टन्सीला तिचे पैसे उमेदवार रुजू झाल्यावर कंपनीकडून मिळतात. आपल्याकडे त्याचा रूढ दर वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतका असतो. उमेदवार आणि कंपनी यांचे थेट सूत जुळले तर हा उमेदवार मुळात कोणी आणला यावरून वाद होऊ शकतो, ही त्यांची भीती अगदीच निराधार नसते.

मात्र मुलाखतीचे निमंत्रण आणि गेट पासची माहिती एचआर अधिकाऱ्यांनी स्वतः मेलने पाठवली होती व त्यात कन्सल्टन्सीचा पत्ताही होता. मी सुचवले की याच मेलला सर्वांना जाईल असे उत्तर द्यावे आणि आभार पॅनेलपर्यंत पोहोचवावेत अशी एचआरला विनंती करावी. त्यामुळे कन्सल्टन्सीला डावलल्यासारखे होत नाही, आणि निरोप कंपनीच्या दारात पोहोचला की नाही याविषयी तिच्यावर विसंबूनही राहावे लागत नाही. निमंत्रण केवळ कन्सल्टन्सीकडून आले असते, तर तिलाच मेल करून तो पुढे पाठवण्याची विनंती करणे, एवढाच मार्ग उरला असता.

त्यांचा पहिला मसुदा दीड पानांचा होता. त्यात कंपनीची स्तुती होती, आपल्या अनुभवाची उजळणी होती, आणि शेवटी अपेक्षित पगाराविषयी एक वाक्य होते. स्तुती आणि उजळणी काढून टाकली, कारण बायोडेटा त्यांच्यासमोर आधीच आहे. पगाराचे वाक्य तर काढणे भागच होते. ज्या मेलमध्ये पैशाचा विषय निघतो तो मेल वाचणाऱ्याला आभाराचा वाटत नाही, बोलणी सुरू केल्याचा वाटतो. राहिला प्रश्न एनडीसीचा. त्यांचे म्हणणे होते की अडखळलेली जागा पुन्हा कशाला दाखवायची. माझे मत उलट होते. प्रश्न विचारणाऱ्याच्या ती लक्षात राहिलेलीच असते. तेव्हा मेलमध्ये नवे काही सांगण्यासारखे असेल तर ते हेच.

मात्र येथे एक मर्यादा पाळणे आवश्यक होते. जुन्या अभ्यासाचा अहवाल भोसरीच्या कंपनीचा होता. तो उघडून त्यातील आकडा बाहेर पाठवणे गैर ठरले असते, आणि नव्या कंपनीलाही ते खटकले असते, कारण आज दुसऱ्याची कागदपत्रे देणारा उद्या आपलीही देईल. पण अहवालाची गरजच नव्हती. मुलाखतीत सांगितलेल्या १८ टक्क्यांवरून एनडीसी काढता येतो: भागांमधील चलनाला आर अँड आरने भागून १.४१ ने गुणायचे आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. मूळ मेल इंग्रजीत होता. त्याचा मजकूर असा:

> नमस्कार मॅडम,
>
> काल मुलाखतीसाठी वेळ दिल्याबद्दल आपले व पॅनेलमधील दोन्ही सरांचे आभार. नवीन लाइन सुरू होताना तपासणीची जबाबदारी कशी वाटली जाणार आहे, हे सरांनी समजावून सांगितल्यामुळे या कामाचे स्वरूप मला स्पष्ट झाले आणि त्यातील माझा रस वाढला.
>
> एनडीसीच्या प्रश्नाचे उत्तर काल राहून गेले. आर अँड आर एकूण चलनाच्या १८ टक्के असल्यास एनडीसी ७ येतो, त्यामुळे ते साधन त्या कामासाठी योग्य होते. आर अँड आर २८ टक्के असता तर तो ३० च्या आत राहूनही एनडीसी ४ आला असता. अशा वेळी केवळ टक्केवारी पाहून साधन स्वीकारणे बरोबर ठरत नाही. सरांच्या प्रश्नाचा रोख हाच असावा असे वाटते. कृपया हे त्यांच्यापर्यंत पोहोचवावे.
>
> पंधरा तारखेपर्यंत आपण कळवणार आहात, त्याप्रमाणे वाट पाहते. काही कागदपत्रे हवी असल्यास जरूर सांगावे.

मेल बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास गेला. रात्री उशिरा किंवा मुलाखतीनंतर तासाभरात पाठवलेला मेल घाईचा वाटतो, आणि चाकण-भोसरी पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांप्रमाणे या कंपनीचीही साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असल्यामुळे बुधवार चुकला असता तर तो शुक्रवारी, दोन दिवसांच्या साठलेल्या मेलखाली वाचला गेला असता. दुपारी एचआर अधिकाऱ्यांचे उत्तर आले: "धन्यवाद, सरांना पाठवले आहे." यातून निरोप पोहोचल्याची खात्री झाली, इतकेच. उमेदवारांनी त्याचा अर्थ निवड जवळजवळ झाली असा घेतला, आणि पुढच्या त्रासाचे मूळ तेथेच होते.

पंधरा तारीख उलटल्यावर

पंधरा तारीख गेली आणि कोणाचाही निरोप आला नाही. १३ तारखेचा गुरुवार साप्ताहिक सुट्टीचा होता, १४ ला धूळवडीची सुट्टी होती आणि १५ ला शनिवार. म्हणजे 'पंधरा तारखेपर्यंत' या शब्दांतील शेवटच्या तीन दिवसांपैकी दोन मुळातच वजा झाले होते. सांगितलेल्या तारखेवर कामाचे दोन दिवस जाऊ द्यावेत आणि मग विचारावे, असे आम्ही ठरवले होते. त्यानुसार १८ मार्चला त्याच मेलखाली तीन ओळींची विचारणा गेली. त्या दिवशी उत्तर नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. २१ तारखेला त्यांनी कन्सल्टन्सीला फोन केला. "मॅडम, फीडबॅक पॉझिटिव्ह आहे, प्रोसेस चालू आहे, मी कळवतो," असे उत्तर मिळाले. त्यानंतर व्हॉट्सअॅपवर त्यांनी पाठवलेल्या एका संदेशावर दोन निळ्या खुणा उमटल्या, आणि पुढे काही नाही.

आता कंपनीच्या आत काय घडत होते ते पाहू. पॅनेलने दोन उमेदवार योग्य ठरवले होते आणि पहिली पसंती दुसऱ्या एकाला होती. त्याला १२ मार्चला ऑफर दिली गेली. त्याने तोंडी होकार दिला, पण आपल्या कंपनीत राजीनामा दिल्यावर तेथे त्याच्याशी पगारवाढीची बोलणी सुरू झाली. या अवस्थेत एचआर दुसऱ्या उमेदवाराला नकार कळवत नाही, कारण पहिला गळाला तर हाच लागणार असतो. आणि तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात असेही सांगत नाही, कारण तसे ऐकल्यावर माणूस दुखावून दूर जाण्याची भीती असते. कन्सल्टन्सीच्या मुलाला तर एचआरने 'होल्ड' या एका शब्दापलीकडे काही सांगितलेलेच नव्हते. त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते आणि तसे कबूल करणे त्याला अवघड जात होते, म्हणून 'पॉझिटिव्ह' हा शब्द आला. मौनामागे दुष्टावा असेलच असे नाही. पण ज्याला वाट पाहावी लागते त्याच्यावर ते अन्याय करते, हेही तितकेच खरे आहे. 'अजून आठ-दहा दिवस लागतील, दुसऱ्या एका उमेदवाराशीही बोलणे चालू आहे' असा एका ओळीचा मेल कोणत्याही एचआरला अशक्य नसतो.

बाहेरून हे ओळखता येते का? काही खुणा आहेत, पण त्या अर्धवटच खऱ्या. मागील तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप व फॉर्म १६ मागितले गेले, तर प्रकरण ऑफरच्या दिशेने सरकते आहे असे बहुधा समजावे. येथे तसे काही मागितले गेले नव्हते. संकेतस्थळावरील जाहिरात जशीच्या तशी असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण जागा भरल्यावरही जाहिराती महिनोन्‌महिने राहतात. मात्र मजकुरात बदल करून, अनुभवाची अट वाढवून वा कमी करून जाहिरात नव्याने टाकली गेली, तर आधीच्या मुलाखतींतून कोणी पसंत पडले नसावे असा तर्क करता येतो. येथे जाहिरात काढलीही गेली नव्हती आणि बदललीही नव्हती. रिक्रूटर फोन उचलतो पण ठोस काही सांगत नाही, ही खूण दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराच्या बाबतीत वारंवार दिसते. ज्याला नाकारले आहे त्याचा फोन तो सहसा उचलतच नाही. आमचा अंदाज याच एका खुणेवर बेतलेला होता आणि तो बरोबर निघाला, तरी त्यावर कोणताही निर्णय घ्यावा इतकी ती भक्कम नव्हती.

मौनात जे हातचे जाऊ शकले असते

उत्तर न मिळण्यापेक्षा त्या काळात उमेदवार काय करणार होत्या, याची मला अधिक काळजी वाटत होती. मुलाखत झाल्यापासून त्यांनी एकही नवा अर्ज केलेला नव्हता. भोसरीच्या कंपनीत वार्षिक मूल्यमापन चालू होते आणि स्वमूल्यमापनाचा फॉर्म २५ मार्चपर्यंत द्यायचा होता. तो त्यांनी कोराच ठेवला होता, कारण मे महिन्यात आपण तेथे नसू असे त्यांनी मनाशी धरले होते. याहून गंभीर गोष्ट म्हणजे नोटीस पिरियड साठ दिवसांचा असल्यामुळे, आधीच राजीनामा देऊन ठेवला तर चाकणच्या लोकांना लवकर रुजू होता येईल असे सांगता येईल, हा विचार त्यांच्या मनात घोळत होता. घरात आई रोज संध्याकाळी विचारायची, "आला का गं त्यांचा फोन?" आणि त्या प्रश्नाने घाई आणखी वाढत होती.

राजीनाम्याविषयी मी त्यांना स्पष्टपणे सांगितले की पगार, पद आणि रुजू होण्याची तारीख लिहिलेले ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही; तोंडी शब्द, 'पॉझिटिव्ह' फीडबॅक किंवा एचआरचा हसतमुख निरोप यांपैकी काहीही त्याची जागा घेऊ शकत नाही. मूल्यमापनाचा फॉर्म त्यांनी दोन संध्याकाळी बसून पूर्ण भरला. वर्षभरात ग्राहकांच्या किती तक्रारी आल्या, कोणत्या भागावरचा रिजेक्शनचा आकडा कसा खाली आणला, हे त्यात मांडताना त्यांच्याच लक्षात आले की मुलाखतीत यातले निम्मेही सांगायचे राहून गेले होते. हाच मजकूर पुढे तळेगावच्या एका कंपनीकडे केलेल्या अर्जासाठी उपयोगी पडला आणि मार्चअखेर तेथे पहिली फेरीही झाली.

त्यांनी एक साधी वही केली. प्रत्येक अर्जासाठी एक पान. त्यावर कोणाशी, कोणत्या तारखेला, काय बोलणे झाले आणि आपण पुन्हा कधी विचारणार, एवढेच लिहायचे. पुढची तारीख लिहिली की त्या दिवसापर्यंत त्या कंपनीचा मेल उघडून पाहायचा नाही आणि व्हॉट्सअॅपवरील निळ्या खुणाही तपासायच्या नाहीत. चाकणच्या पानावर दोन तारखा होत्या: १ एप्रिलला दुसरी विचारणा आणि १५ एप्रिलला शेवटचा मेल. त्यानंतर त्यांच्या बाजूने ते पान बंद. मी हे सुचवले ते मनःशांतीसाठी तर होतेच, पण त्याहीपेक्षा अशासाठी, की तारीख ठरलेली नसली की माणूस रोज थोडे थोडे विचारत राहतो आणि चार दिवसांत चार निरोप गेले की समोरचा पाचवा उघडतच नाही.

मधल्या काळात क्वालिटी हेडना लिंक्डइनवर थेट लिहावे का, असे त्यांनी दोनदा विचारले. मी नको म्हटले. एचआर उत्तर देत नसताना थेट विभागप्रमुखाकडे गेल्यास एचआरला आपली तक्रार झाल्यासारखे वाटते, आणि ऑफर लेटर शेवटी त्याच टेबलावरून निघायचे असते. कंपनीच्या एचआरशी संपर्कच तुटला असता, किंवा त्या सरांनी स्वतः आपला नंबर दिला असता, तर माझे उत्तर वेगळे असते.

१ एप्रिलच्या मेलमध्ये नुसतीच विचारणा नव्हती. आर्थिक वर्ष संपल्यामुळे नव्या बजेटखाली जागा अजून कायम आहे का, असा एक नेमका प्रश्न होता, आणि तळेगावला आपली पहिली फेरी झाली असून महिन्याच्या मध्यापर्यंत तेथे निर्णय अपेक्षित आहे, ही खरी माहिती होती. कंपनीचे नाव दिलेले नव्हते. नसलेली ऑफर आहे असे भासवणे कितीही मोहक वाटले तरी टाळावेच. एचआरने "मग ऑफर लेटर दाखवा" म्हटले की सगळे तेथेच संपते. या मेलला दुसऱ्या दिवशी उत्तर आले: जागा कायम आहे, आठवडाभर द्यावा. चार आठवड्यांतला हा पहिला उपयोगी निरोप होता, आणि माझ्या मते तो आला, कारण प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येण्यासारखे होते. "काही अपडेट आहे का?" या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी एचआरला आधी काहीतरी घडलेले असावे लागते.

नऊ एप्रिल आणि त्यानंतर

बुधवारी, ९ एप्रिलला कन्सल्टन्सीचा फोन आला. पहिल्या उमेदवाराने आपल्या कंपनीने वाढवून दिलेला पगार स्वीकारून ऑफर नाकारली होती. पगाराची बोलणी ११ तारखेला झाली. देऊ केलेली रक्कम उमेदवारांच्या अपेक्षेपेक्षा थोडी कमी होती. भरून दिलेल्या मूल्यमापनामुळे भोसरीत यंदा बरी वाढ मिळणार असल्याचे त्यांना तोवर वरिष्ठांकडून कळले होते, ते त्यांनी मोकळेपणाने मांडले आणि रक्कम काहीशी वाढली. ऑफर लेटर १५ एप्रिलला, म्हणजे वहीतील शेवटच्या मेलच्या दिवशीच आले. राजीनामा त्यांनी दुसऱ्या दिवशी दिला.

आभाराच्या मेलमुळे नोकरी मिळाली का, याचे सरळ उत्तर 'नाही' असे आहे. त्या मेलनंतरही त्या दुसऱ्या क्रमांकावरच राहिल्या होत्या. रुजू झाल्यावर क्वालिटी हेडनी त्यांना सांगितले की पहिला उमेदवार गळाल्यावर नव्याने मुलाखती घ्याव्यात असे उत्पादन विभागाचे म्हणणे होते. आपल्या मनात शंका होती ती फक्त एनडीसीच्या उत्तराविषयी, आणि ती मेलने मिटलेली असल्यामुळे पुन्हा तांत्रिक फेरी न घेता आपण थेट पगाराच्या बोलण्यांना मान्यता दिली. मेलचा परिणाम झाला तो असा, पाच आठवड्यांनी, आणि तोही पहिली पसंती हुकल्यामुळे. ती हुकली नसती, तर तोच मेल तितकाच चांगला असूनही वाया गेला असता.

तळेगावच्या कंपनीलाही त्यांनी पहिल्या फेरीनंतर तसाच मेल केला होता. त्याला उत्तर आले नाही. ठरलेल्या तारखेला केलेल्या विचारणेलाही नाही. तरीही चाकणचे ऑफर लेटर स्वीकारल्यावर त्यांनी तेथे दोन ओळी लिहून आपले नाव मागे घेतले. मी त्याचा आग्रह धरला होता, कारण ऑफर स्वीकारून ऐन वेळी गायब होणारे उमेदवार हेही एचआरच्या मौनामागचे एक मोठे कारण आहे; त्यांच्यामुळेच दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला आठवडेच्या आठवडे टांगून ठेवले जाते. शिवाय भोसरी, चाकण आणि तळेगाव या पट्ट्यात एचआरची माणसे एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जात राहतात. मेलमध्ये कारण म्हणून 'दुसरीकडे ऑफर स्वीकारली आहे' एवढेच होते, कोठे आणि किती पगारावर हे नव्हते, आणि तो राजीनामा दिला त्याच दिवशी गेला, म्हणजे तेथील पुढच्या फेरीत त्यांच्यासाठी कोणाचा वेळ राखून ठेवला जाणार असेल तर तो मोकळा व्हावा.